लपती तुरपाई आणि शिडी टाका: अस्तर लावलेल्या एका वुलन ड्रेसची दुरुस्ती

पार्श्वभूमी

ड्रेस राखाडी, पातळ लोकरी कापडाचा होता. बिनबाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा, घेर जवळपास सरळ, पाठीला चेन. आतून गुळगुळीत पॉलिएस्टरचं अस्तर, आणि ते गळ्यापासून खालच्या दुमडीपर्यंत सगळीकडे ड्रेसला जोडलेलं. असा कपडा म्हणजे पिशवीत पिशवी असते. आतली शिवण कुठूनच दिसत नाही आणि हातही आत जात नाही. आत शिरायचं तर अस्तराची एखादी शिवण थोडी उसवावी लागते, तिथून सगळा कपडा उलटा बाहेर काढावा लागतो आणि काम झालं की ते तोंड हातानं बंद करावं लागतं.

ज्यांचा ड्रेस होता त्यांनी तो आधी एकदा दुसरीकडून आखूड करून घेतला होता. काम नीटनेटकं दिसत होतं, टाके एकसारखे होते, तरी ड्रेस अंगात घातला की काहीतरी खटकत होतं.

तक्रार

त्यांच्या तीन तक्रारी होत्या. खालच्या कडेच्या थोडं वर सुलट बाजूला बारीक खळ्यांची रांग उठली होती, साधारण दर सेंटिमीटरला एक. कड सरळ खाली न पडता आत वळत होती, त्यामुळे घेर तळाशी फुगीर दिसायचा. आणि बसताना उजव्या बाजूला अस्तराची कड टोचायची.

टोचण्याचं कारण लगेच सापडलं. उजव्या कुशीला, बसताना जिथं ताण येतो तिथं, सुमारे 12 सेंमीचं तोंड अस्तरात ठेवलं होतं आणि कपडा सुलटा केल्यावर दोन्ही घड्या एकावर एक ठेवून वरून मशीनची टीप मारली होती. काम झटपट होतं, पण तिथं अस्तराचे चार थर एका अरुंद रेघेत येतात आणि ती रेघ कडक होते.

खळ्यांकडे पाहिल्यावर मला वाटलं की तुरपाईच्या मशीननं जास्त कापड उचललंय. उसवायचं, हातानं बारीक तुरपाई घालायची आणि मोकळं व्हायचं. हे निदान अर्धवट होतं. पुढचं जे कठीण गेलं त्याचं मूळ इथंच आहे.

निदान कसं बदललं

ड्रेस रात्रभर हँगरवर टांगून ठेवला. सकाळी आधी कुशीतलं ते टोचणारं तोंड उसवलं आणि मग तिथून हात घालून तळाशी अस्तराची शिवण 10 सेंमी मोकळी केली. तुरपाईला अजून हातही लावला नव्हता. तेवढ्याच भागात कड आपोआप सरळ खाली आली आणि तिथल्या निम्म्या खळ्या फिक्या पडल्या.

म्हणजे अस्तर तोकडं होतं. ते आतून कडेला वर ओढत होतं, आणि तो ओढा तुरपाईच्या प्रत्येक टाक्यावर येऊन तिथं खळी पडत होती. टाका कितीही बारीक घातला असता तरी ओढा तसाच राहिला असता.

खाली जोडलेलं अस्तर नेहमी जोडाच्या रेघेपर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त लांब ठेवावं लागतं. ती जादा लांबी तळाशी एका सैल घडीच्या रूपात लोंबत राहते. आम्ही तिला झोल म्हणतो. अंग हललं, माणूस बसलं, हात वर गेले की हा झोल उलगडतो आणि वरच्या कापडाला धक्का लागत नाही. या ड्रेसमध्ये आधीच्या कारागिरानं अस्तर कापताना बरोबर जोडाच्या रेघेपुरतंच ठेवलं होतं. झोल अजिबात नव्हता.

तुमच्याकडे असा कपडा असेल तर उसवण्याआधी तपासता येतं. कपडा टांगा, आतून कडेजवळचं अस्तर चिमटीत धरा आणि खाली ओढा. दीड-दोन सेंटिमीटरची घडी सहज खाली आली तर झोल आहे. अस्तर ताठ राहिलं आणि कड आत वळली, तर दोष तुरपाईत शोधू नका.

कोणते पर्याय होते

चिकटपट्टीचा पर्याय मी चर्चेलाही घेतला नाही. इस्त्रीनं चिकटणारी पट्टी अशा पातळ लोकरीत कडक रेघ उमटवते आणि अस्तराचा ओढा तसाच राहतो.

अस्तर तळाशी पूर्ण सोडवून वेगळं दुमडायचं आणि कुशींना दोऱ्याच्या साखळीनं ड्रेसशी अडकवायचं, हा चांगला पर्याय होता. त्यात ओढ्याचा प्रश्नच उरत नाही. पण लोकरीची कापलेली कड उघडी पडते आणि तिला पट्टी लावावी लागते. शिवाय आधीच तोकडं असलेलं अस्तर दुमडल्यावर आणखी वर गेलं असतं. ड्रेसच्या मालकीणबाईंना आतली बाजू पूर्वीसारखीच बंद हवी होती.

तिसरा पर्याय म्हणजे अस्तराला खाली जोडपट्टी लावून लांबी वाढवायची. लांबी जशीच्या तशी ठेवायची असती तर हाच करावा लागला असता. त्या रंगाचं अस्तर मिळवणं आणि एक जादा शिवण आत येणं, एवढीच अडचण.

चौथा पर्याय मला कागदावर आकृती काढताना दिसला, आणि तोच निवडला. दुमड आणखी 2 सेंमी वर घ्यायची आणि काहीच कापायचं नाही. गणित असं आहे. अस्तर जोडल्याची रेघ जुन्या दुमडीपासून 3 सेंमी वर होती. दुमड 2 सेंमी वर सरकवली की दुमडीच्या आत जाणारं कापड 3 ऐवजी 5 सेंमी होतं. म्हणजे जोडाची रेघ एकदा दुमडीबरोबर 2 सेंमी वर जाते आणि आत वाढलेल्या कापडामुळे आणखी 2 सेंमी. एकूण 4 सेंमी. अस्तराची लांबी तीच राहते, त्यामुळे ते 4 सेंमी सैल होतं. सैल कापड घडी घालून लोंबतं, म्हणून झोल त्याच्या निम्मा, म्हणजे 2 सेंमी खोल. झोलाचं टोक नव्या कडेपासून 3 सेंमी वर राहतं, बाहेर डोकावत नाही.

याला मर्यादा आहे. घेर सरळ असेल तरच हे जमतं. कळीदार किंवा पसरट घेर असेल तर 5 सेंमी आत गेलेल्या कापडाची कड, ती जिथं टेकवायची त्या जागेपेक्षा मोठी भरते आणि चुण्या पडतात. नुसती लोकर असती तर वाफेनं थोडी आवळून घेता येते, पण तिला पॉलिएस्टरचं अस्तर जोडलेलं असेल तर अस्तर आवळत नाही. तिथं जोडपट्टीच लावावी.

हे ठरवणं माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. मी फोनवर विचारलं, “ताई, ड्रेस आणखी दोन सेंटिमीटर आखूड होईल. चालेल का? नाही चाललं तर अस्तराला जोड देते, पण एक दिवस जास्त लागेल.” त्या म्हणाल्या, “गुडघा झाकला जाईल ना? मग चालेल.” तरी एकदा, त्यांच्या नेहमीच्या चपला पायात असताना, जमिनीपासून पट्टीनं मोजून खडूनं खुणा केल्या. टेबलावर मोजलेली कड अंगावर सरळ दिसेलच असं नसतं.

आत शिरायची जागा

जुनं तोंड बसायच्या जागी होतं. तिथूनच पुन्हा आत जाणं सोपं होतं, तसं तोंड उसवलेलंही होतं. पण शिडी टाका ताणाला कच्चा असतो. दोन घड्या समोरासमोर आणून बंद करणारा एकच दोरा, त्यावर आडवा ओढा आला की टाक्यांमधून फट दिसते. म्हणून नवं तोंड डाव्या कुशीच्या अस्तरात, कडेपासून सुमारे 20 सेंमी वर, 15 सेंमी लांबीचं उघडलं. हात आणि कपडा दोन्ही तिथून जातात, आणि बसताना तिथं ताण कमी येतो. ड्रेस उलटा काढल्यावर जुनं तोंड आतून मशीननं नीट शिवून टाकलं. टोचणं तिथंच संपलं.

तुरपाई

मशीनचे टाके एकेक कापून काढले. दोरा सरळ ओढून काढण्याचा मोह होतो, पण त्यानं लोकरीचा धागा ओढला जातो. दहा सेंटिमीटर मोकळी केलेली अस्तराची शिवण पुन्हा टीप मारून जोडून घेतली. जुन्या टाक्यांची छिद्रं नव्या कडेच्या 1 सेंमी वर येणार होती, म्हणजे सुलट बाजूला दिसणारच होती. तिथं वाफ दिली आणि नखानं कापडाचे धागे हलकेच चोळले. बहुतेक छिद्रं मिटली.

नव्या कडेच्या रेघेवर दुमड घालून अर्धा सेंटिमीटर आत कच्चे टाके घातले. इस्त्री फक्त घडीवर केली, उलट बाजूनं. दुमडीच्या वरच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवली होती, नाहीतर त्या कडेची रेघ सुलट बाजूला उमटते आणि तुरपाई कितीही लपली तरी दुमड कुठं संपते ते कळतं.

सुई 10 नंबरची बारीक. दोरा पॉलिएस्टरचा, एकेरी, कापडापेक्षा किंचित गडद, कारण फिका दोरा लोकरीत चमकतो. लांबी 45 सेंमीच्या आत, त्याहून लांब दोरा पीळ धरतो. सुरुवात कुशीच्या शिवणीपाशी केली, कारण पहिली गाठ शिवणीच्या मायेत, म्हणजे शिवणीपलीकडे आत उरलेल्या कापडात, लपते.

टाका असा. दुमडीची वरची कड, म्हणजे अस्तर जिथं जोडलंय तिथली माया, अर्धा सेंटिमीटर आपल्याकडे वळवून धरायची. सुई ड्रेसच्या कापडाच्या उलट बाजूला टेकवून एकच धागा उचलायचा, तोही अर्धाच, आरपार न जाता. मग एक सेंटिमीटर पुढे मायेतून छोटा टाका. पुन्हा ड्रेसचा एक धागा. वळवलेली कड सोडली की सगळे टाके तिच्याखाली जातात. साधारण दर 10 सेंमीला मायेतच एक उलटा टाका घालून दोरा अडकवायचा, म्हणजे पुढे कुठं तुटला तर तेवढाच भाग सुटेल. हा अडकवणीचा टाका ड्रेसच्या कापडात कधीच घालू नये.

माझी चूक पहिल्या 40 सेंमीत झाली. टाके बारीक होते, धागा एकच उचलला होता, आणि तरीही ड्रेस खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरला तर खळ्या दिसल्या. आधीपेक्षा पुसट, पण होत्या. समोरून उजेड असताना त्या दिसत नव्हत्या, म्हणून काम करताना कळलंच नाही. मी प्रत्येक टाक्यानंतर दोरा सरळ होईपर्यंत ओढत होते. सवयीचा हात आहे, दोरा ताठ झाला की टाका पक्का झाला असं त्याला वाटतं. तुरपाईत याच्या उलट आहे. दोन टाक्यांमधला दोरा किंचित कमानीसारखा राहिला पाहिजे. दुमड आणि कापड दोन्ही हलतात, आणि ती हालचाल दोऱ्यानं सोसली नाही तर कापडाला सोसावी लागते.

ते 40 सेंमी उसवले आणि पुन्हा घातले. या वेळी मांडीवर न घेता टेबलावर सपाट ठेवून. मांडीवर कापड वळतं, आतला थर आणि बाहेरचा थर यांच्या लांबीत फरक पडतो आणि नकळत एकावर ओढा येतो. दर 20 सेंमीला थांबून दुमड दोन्ही हातांनी हलकी ताणून पाहिली. दोरा ताठ झाला नाही, कापड आधी ताणलं गेलं, म्हणजे ढिलाई पुरेशी आहे. उरलेल्या घेराला दीड तास लागला आणि नंतर तिरक्या उजेडात काही दिसलं नाही.

तोंड बंद करताना

ड्रेस सुलटा केला. अस्तराच्या 15 सेंमी तोंडाच्या दोन्ही मायेच्या घड्या आधीच मंद इस्त्रीनं पाडून ठेवल्या होत्या. हे कपडा उलटा असतानाच करून घ्यावं, सुलटा झाल्यावर बोटांनी घडी पाडत बसलं तर निसरडं अस्तर रेघ सोडतं.

शिडी टाक्यात दोन घड्या समोरासमोर येतात, एकमेकींवर चढत नाहीत. सुई एका घडीच्या आतून बाहेर काढायची, म्हणजे गाठ आत राहते. मग बरोबर समोर दुसऱ्या घडीत शिरायचं, घडीच्या आतूनच 3 मिलिमीटर पुढे जायचं आणि बाहेर यायचं. पुन्हा बरोबर समोर. दोरा ओढण्याआधी पाहिलं तर दोन घड्यांमध्ये शिडीच्या पायऱ्या दिसतात. चार-पाच पायऱ्या झाल्या की शिवणीच्या दिशेनं हळू ओढायचं आणि पायऱ्या आत गडप होतात.

तुरपाईत जो दोरा ढिला ठेवायचा तोच इथं पूर्ण आवळावा लागतो. पायरी ढिली राहिली तर फट दिसते. पण आवळणं म्हणजे घड्या एकमेकींना टेकेपर्यंतच, त्यापुढे ओढलं की शिवण चुण्या धरते. मी एक खूण ठेवते. ओढल्यावर बोटानं शिवण उलट दिशेनं सरळ करून पाहते. सपाट झाली तर बरोबर, पुन्हा गोळा झाली तर थोडा दोरा परत सोडते.

इथंही एकदा मागे यावं लागलं. तोंडाच्या शेवटी पोचल्यावर एका घडीचं कापड 3 मिलिमीटर जास्त उरलं. तितकंसं काही नाही, पण शेवटच्या पायऱ्या तिरक्या गेल्या आणि अस्तरावर बारीक पीळ दिसू लागला. कारण मधल्या दोन पायऱ्यांत सुई बरोबर समोर न शिरता जराशी पुढे शिरली होती. प्रत्येक तिरकी पायरी एका घडीला पुढे सरकवते आणि ती चूक पुढे जमा होत जाते. शेवटचे 6 सेंमी उसवून दोन्ही घड्यांवर दर 3 सेंमीला खडूची खूण केली, खुणा जुळवत पुन्हा घातले. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे तोंडापलीकडे 1 सेंमी मशीनच्या शिवणीवर चढवून घेतलं, कारण फाटायला लागलं तर ते तोंडाच्या कोपऱ्यापासून लागतं. शेवटचा दोरा घडीच्या आतून दोन-तीन सेंटिमीटर पुढे काढून कापला.

काय झालं

ड्रेस अंगावर घालून पाहिला तेव्हा कड सरळ पडली. बसून, वाकून, हात वर करून पाहिलं, अस्तर कुठंच डोकावलं नाही आणि कड वर गेली नाही. कुशीत टोचणं थांबलं होतं. डावीकडचं तोंड कुठं होतं ते त्यांना बोटानं चाचपूनही सापडलं नाही.

एक गोष्ट पूर्ण झाली नाही. पाठीकडे दोन जागी जुन्या मशीनच्या सुईनं लोकरीचा धागाच तोडला होता. वाफेनं छिद्र लहान झालं, मिटलं नाही. जवळून पाहिलं तर दोन पुसट ठिपके आहेत आणि ते राहतील. हे मी ड्रेस परत देताना दाखवून सांगितलं.

पुन्हा असं काम आलं तर

उसवण्याचा क्रम योगावर सोडणार नाही. मी आधी तुरपाई उसवली असती तर अस्तराचा दोष झाकला गेला असता आणि नवी तुरपाई पुन्हा ओढली गेली असती. अस्तराची शिवण आधी सोडवली हा योगच होता, कुशीतल्या टोचण्याची तक्रार आधी हाताळली म्हणून. आता झोल चिमटीत धरून पाहणं हेच पहिलं काम.

दुमडीच्या आत, जुन्या रेघेपाशी 10 सेंमीची चाचणी तुरपाई घालून ती तिरक्या उजेडात पाहिली असती तर 40 सेंमी उसवावे लागले नसते. त्याहून चांगला उपाय म्हणजे दुमड घालण्याआधीच, तुरपाई जिथं येणार तिथं कापडाच्या उलट बाजूला उरेबमध्ये, म्हणजे तिरपी, कापलेली पातळ सुती पट्टी बसवून घ्यायची, घडीवर आणि शिवणींवर टाके घालून. मग तुरपाईचा टाका त्या पट्टीतच अडकतो आणि लोकरीचा एकही धागा उचलावा लागत नाही. या ड्रेसला तसं करता आलं असतं. मी वेळ वाचवायला गेले आणि तो वेळ उसवण्यात गेला. आणि अस्तराच्या घड्यांवरच्या खुणा आता तोंड उसवण्याआधीच करते, तेव्हा दोन्ही कडा अजून जोडलेल्या असतात आणि जुळणी तयारच मिळते.